चोर की चोरटी? सातवीच्या वर्गातली एक तक्रार

मंगळवारी रात्री पावणेदहाला सातवीच्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक आवाजी निरोप आला. पाठीमागे बर्फ फोडल्याचा आणि इंजिनाचा आवाज होता. माणूस जेटीवर उभा राहून बोलत होता. "बाई, तुमच्या शाळेत आमच्या झिलाक सगळ्या पोरांसमोर चोराचो झील म्हणतत. मास्तरान सांगितल्यान, तुझो बापूस चोर आसा म्हणान. मी येतंय शाळेत, मगे बगतंय." निरोप दीड मिनिटाचा. त्यातलं छापण्याजोगं एवढंच. झील म्हणजे मुलगा.

मी त्या वर्गाची वर्गशिक्षिका. आमची शाळा मालवण तालुक्यात, किनाऱ्याला लागून. तक्रार होती ती भूगोलाच्या सरांबद्दल. सर घाटावरचे, इथे येऊन दुसरं वर्ष. मुलाचे वडील पर्ससीनच्या, म्हणजे मासळीला वेढा घालणाऱ्या मोठ्या जाळ्याच्या बोटीवर खलाशी. ते ज्या बोटीवर होते ती आदल्या महिन्यात मत्स्यव्यवसाय खात्याने पकडली होती आणि तिच्यावरचे एलईडी दिवे आणि जनित्र उतरवून घेतलं होतं, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

किनाऱ्याबाहेरच्या वाचकासाठी एवढं सांगायला हवं की आमच्याकडे 'एलईडी' हा शब्द भांडणाचा आहे. रात्री पाण्यावर प्रखर दिवे पेटवले की मासळी उजेडाकडे गोळा होते आणि एका वेढ्यात उचलता येते. किनाऱ्यावर उभं राहून रापणीचं जाळं ओढणारा म्हणतो, माझ्या वाट्याची मासळी तिकडेच संपते. केंद्र सरकारने २०१७ मध्ये या दिव्यांवर बंदी घातली. त्याआधी २०१६ मध्ये राज्याने पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुदत ठेवली होती. तरी काळोख्या रात्री क्षितिजाजवळ उजेड दिसतोच. माझ्या वर्गात रापणीवाल्यांची मुलं आहेत, आणि एलईडीच्या बोटीवर मजुरी करणाऱ्यांचीही आहेत. ती एकाच बाकावर बसतात.

निरोप आल्यावर पाच मिनिटांत ग्रुपवर तीन पालकांची भर पडली. एकाने सरांच्या बदलीची मागणी केली. एकाने उलट लिहिलं, "खरा बोलल्यार राग येता." मी पहिलं उत्तर लिहायला घेतलं ते असं: 'सर असं बोलणारे नाहीत, काहीतरी गैरसमज झाला असेल.' लिहिलं आणि पुसलं. सर तसं बोलणारे नाहीत असं माझं मत होतं, पण त्या तासाला मी दहावीवर होते. न बघितलेल्या गोष्टीची हमी मी कशाच्या जोरावर देणार? दुसरा मसुदा होता, 'झाल्या प्रकाराबद्दल क्षमस्व.' तोही पुसला. झाला प्रकार काय हेच माहीत नसताना क्षमा मागितली की सर त्याच रात्री दोषी ठरले असते, आणि उद्या वेगळं काही निघालं तर शाळा शब्द फिरवते असं झालं असतं.

ग्रुपवर मी एकच ओळ टाकली: 'निरोप ऐकला. मी वडिलांशी थेट बोलते आहे. कृपया या विषयावर इथे चर्चा करू नये, वर्गातली मुलं घरचे फोन वाचतात.' मग वडिलांना फोन लावला, तो लागला नाही. बोट निघाली होती. आईचा लागला. तिला मी जे बोलले तेच नंतर लिहूनही पाठवलं:

'नमस्कार वहिनी. मुलाने घरी जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत मला सांगा, मी लिहून घेते. त्या तासाला मी वर्गात नव्हते, त्यामुळे ते खरं की खोटं हे आज मी सांगू शकत नाही. उद्या सकाळपासून विचारपूस सुरू करते. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत जे कळेल ते मी स्वतः तुम्हाला सांगेन, काही कळलं नाही तर तेही सांगेन. तोवर त्याला घरी कोणी पुन्हा पुन्हा विचारू नये. उद्या त्याला शाळेत पाठवा. त्याला कोणी काही बोलणार नाही हे मी बघते.'

यातलं 'पुन्हा पुन्हा विचारू नये' हे वाक्य आईला खटकलं. पोराला विचारायचं नाही म्हणजे काय? मी तिला समजावलं. मूल तेच दहादा सांगतं तेव्हा प्रत्येक वेळी ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून थोडं जुळवतं. काका विचारतो, 'तुझ्याकडे बोट दाखवल्यान काय रे?' आणि चौथ्या वेळी गोष्टीत बोट येतं. मूल खोटं बोलत नसतं. आठवण आणि ऐकलेलं यांची सरमिसळ मोठ्या माणसांचीही होते, बारा वर्षांच्या मुलाची जास्त लवकर होते. आईने फोनवर सांगितलेले शब्द मी वहीत उतरवले: 'सर म्हणाले चोर, तुझा बाबा जातो ना, आणि सगळे हसले.' वडिलांच्या निरोपातलं वाक्य आणि हे वाक्य एक नव्हतं, हे तेव्हाच लक्षात आलं.

रात्रीच मुख्याध्यापकांना कळवलं. त्यांचा पहिला विचार होता मिटवण्याचा: सरांनी दोन शब्द बोलावेत, विषय संपवावा. पण त्यांनीच पुढे म्हटलं की हे खरं असेल तर नुसत्या दोन शब्दांचं काम नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमात मारण्याइतकीच मानसिक छळालाही मनाई आहे. मुलाला वर्गासमोर बापाच्या धंद्यावरून चोर ठरवणं त्यात बसू शकतं. म्हणून चौकशी करायची, आणि मी एकटीने नाही, तर ज्यांचा त्या वर्गाशी संबंध नाही अशा शिवणाच्या बाईंना बरोबर घेऊन. मी विचारायचं, त्यांनी लिहायचं.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कोणी सगळ्याच तक्रारींना ही पद्धत लावील. मुलाने अंगाला हात लावल्याचं किंवा तसल्या बोलण्याचं काही सांगितलं असतं, तर मी वर्गात एकालाही प्रश्न विचारला नसता. तिथे पॉक्सो कायदा पोलिसांना कळवायला बांधतो, आणि शिक्षकाने केलेली हौशी चौकशी पुरावाच बिघडवते. जातीवरून शिवी असती तरी मी मुख्याध्यापकांना कळवून तिथेच थांबले असते. ही तक्रार एका वाक्याची होती, म्हणून ती आमच्या हातात राहिली.

बुधवारी सकाळी प्रार्थनेआधी मुख्याध्यापकांनी सरांना बोलावलं. त्यांच्यापर्यंत ग्रुपवरचं आधीच पोचलं होतं. त्यांना एवढंच सांगितलं की कालच्या चौथ्या तासाला काय काय शिकवलं, कोणाशी काय बोलणं झालं, ते आजच्या आज लिहून द्या, आणि मुलांशी यावर बोलू नका. मुलांचं ऐकण्याआधी सरांचं लिहून घेतलं याला कारण होतं. नंतर लिहिलं असतं तर ते मुलांच्या सांगण्याला दिलेलं उत्तर झालं असतं. सरांनी अर्धं पान लिहिलं. भरती-ओहोटीची उजळणी चालू होती, एका मुलाने बांगडा का मिळत नाही असं विचारलं, त्यावरून मासेमारीच्या पद्धतींवर बोलणं झालं. शेवटचं वाक्य अधोरेखित केलेलं: 'मी कोणालाही चोर म्हटलेलं नाही.'

मग मुलं. वर्गाचा पट अडतीस. सगळ्यांना विचारायची गरज नव्हती, आणि विचारलं असतं तर दुपारपर्यंत तालुक्याला कळलं असतं. बसण्याचा तक्ता बघून मी सहा जण निवडले: मुलाच्या बाकाजवळचे दोघे, पुढच्या बाकावरच्या दोन मुली, खिडकीकडच्या टोकाचा एक, आणि बांगड्याचा प्रश्न विचारणारा. एकेकाला वाचनालयाच्या पडवीत बोलावलं, मधल्या सुट्टीच्या आत सगळे संपवले, म्हणजे एकमेकांना गाठून बोलायला वेळ मिळू नये. प्रश्न सगळ्यांना एकच: 'काल चौथ्या तासाला काय झालं ते सुरुवातीपासून सांग.' 'सर चोर म्हणाले का?' हा प्रश्न मी एकदाही विचारला नाही. तो विचारला की उत्तर माझ्याच तोंडातून गेलेलं असतं. मूल थांबलं की 'मग?' एवढंच. आणि 'तू हे ऐकलंस, की कोणी सांगितलं?' हा शेवटचा प्रश्न.

सर्वांत तपशीलवार हकिगत खिडकीकडच्या मुलाने सांगितली. सरांनी खडू कसा रोखला, आवाज कसा चढवला, 'चोराचो झील' कसं म्हटलं, सगळं. शिवणाच्या बाईंनी लिहून घेतलं आणि माझ्याकडे बघितलं. मी हजेरीपट उघडला. मंगळवारी तो गैरहजर होता. त्याला मी रागावले नाही. तो एसटीत ऐकलेलं सांगत होता, आणि मनापासून सांगत होता. पण चोवीस तासांच्या आत गोष्ट किती वाढली होती ते मला त्याच्याकडून कळलं. तक्ता बघून नावं काढताना हजेरीपट शेजारी ठेवायला हवा होता, ही चूक माझी.

उरलेल्या पाच जणांच्या सांगण्यात शब्द वेगवेगळे होते, पण तीन गोष्टी जुळत होत्या. बांगड्याच्या प्रश्नावर सरांनी फळ्यावर मासेमारीचे प्रकार लिहिले. मग ते म्हणाले, "तुमच्या घरातून कोण कोण जातं एलईडीला? हात वर करा." कोणीच हात वर केला नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "ह्याचो बापूस जाता!" आणि लगेच कोणीतरी "चोर!" वर्ग हसला. सर फळ्याकडे वळले होते. त्यांनी "शांत बसा" म्हटलं आणि पुढे शिकवत राहिले. 'चोर' हा शब्द सरांनी उच्चारला असं पाचांपैकी एकीनेच सांगितलं, आणि 'ऐकलंस की कोणी सांगितलं' यावर ती गप्प झाली. मागून बोललं कोण, याची तीन वेगवेगळी नावं आली. तिथे मी थांबले. आणखी खणलं असतं तर एखादं नाव मिळालंही असतं, पण ते खरं असेल याचा भरवसा नव्हता.

तोंडी हकिगती इथवर नेतात. पुढचं वह्यांनी सांगितलं. भूगोलाच्या वह्या तपासायला घेतल्या, सगळ्या अडतीस, म्हणजे कोणा एकावर नजर आहे असं दिसू नये. मंगळवारच्या तारखेखाली बहुतेकांनी फळा जसाच्या तसा उतरवला होता: 'पारंपरिक मासेमारी: रापण, गळ, पाग. यांत्रिक मासेमारी: ट्रॉलर, पर्ससीन. चोरटी मासेमारी: एलईडी.'

चोरटी. सरांच्या अर्ध्या पानात हा शब्द नव्हता. मी वही पुढे ठेवली तेव्हा ते खरोखर चपापले. वर्तमानपत्रात येतो तसा शब्द त्यांनी लिहिला होता, आणि त्यांच्या लेखी तो मासेमारीचं विशेषण होता, माणसाचं नाही. त्यांचं अधोरेखित वाक्य अक्षरशः खरं होतं. पण इथल्या मुलाच्या कानाला 'चोरटी' आणि 'चोर' यांच्यात अंतर ते किती?

मुलाची वहीही त्याच गठ्ठ्यात होती. तारीख, शीर्षक, पहिल्या दोन ओळी. तिसरी ओळ 'चोरटी मा' इथे तुटली होती. पुढचं पान कोरं.

त्याच्याशी मी शेवटी बोलले, गुरुवारी, आईला बसवून, आणि एकदाच. त्यालाही तोच प्रश्न. तो सावकाश सांगत गेला. फळ्यावर लिहिलं. हात वर करायला सांगितलं. मी नाही केला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग चोर. "कोण म्हणालं?" असं आईच मध्ये म्हणाली. मी तिला हाताने थांबवलं, पण प्रश्न गेला होता. तो म्हणाला, "सरांनीच लिहिलेला ना फळ्यावर." मग थोड्या वेळाने, "सर माझ्याकडे बघत नव्हते. पण त्यांनी विचारल्यावरच मागची पोरं बोलली."

या वाक्याने प्रकरण माझ्यापुरतं उलगडलं. तक्रारीत जे वाक्य होतं ते सरांनी म्हटलेलं नव्हतं. पण ज्याची तक्रारच कोणी केली नव्हती ते घडलं होतं: बंदी असलेल्या धंद्यात तुमच्या घरचं कोण आहे, असं भर वर्गात हात वर करून विचारलं होतं. मुलाने सगळं एका वाक्यात गुंडाळून घरी नेलं, आणि घरच्यांना कळेल असं ते एकच वाक्य होतं. 'सरांनी हात वर करायला सांगितला' असं तो म्हणाला असता तर बाप जेटीवरून ओरडला नसता.

सरांना हे पटायला वेळ लागला. त्यांचं म्हणणं, मी माहिती विचारली, गावात हे चालतंच. मी म्हटलं, समजा उद्या कोणी वर्गात विचारलं की कोणाच्या घरात दारू प्यायली जाते, हात वर करा, तर? ते काही बोलले नाहीत. शुक्रवारी सकाळी मात्र स्वतःहून म्हणाले, मी भेटायला बसतो. स्टाफरूममध्ये दुसराही सूर होताच, पालकांना डोक्यावर बसवून ठेवलंय वगैरे. तो सोडून देते.

शुक्रवारी चार वाजता आईला लेखी उत्तर दिलं. मुख्याध्यापकांची सही, माझी सही. मजकूर असा:

'आपल्या तक्रारीवर आम्ही सरांचं लेखी म्हणणं, पाच विद्यार्थ्यांची स्वतंत्र माहिती, वर्गाच्या वह्या आणि आपल्या मुलाचं म्हणणं पाहिलं. त्यातून पुढील गोष्टी दिसतात. "तुझे वडील चोर आहेत" असं वाक्य सरांनी म्हटल्याचं आढळलं नाही. "चोर" हा शब्द मागच्या बाकांवरून एका विद्यार्थ्याने उच्चारला. तो कोण हे खात्रीने ठरवता आलं नाही, म्हणून कोणालाही शिक्षा केलेली नाही. सरांनी फळ्यावर "चोरटी मासेमारी: एलईडी" असं लिहिलं होतं, आणि घरातून कोण जातं याबद्दल हात वर करायला सांगितलं होतं. हे विचारणं चुकीचं होतं. त्यामुळे आपला मुलगा वर्गासमोर उघडा पडला. हसणाऱ्या वर्गाला तिथेच थांबवायला हवं होतं, ते झालं नाही. या दोन गोष्टींबद्दल सर आपल्याला आणि मुलाला भेटून बोलतील. मुलाने खोटं सांगितलं असं आम्ही मानत नाही. त्याने जे अनुभवलं ते त्याने सांगितलं.'

शेवटची दोन वाक्यं मुख्याध्यापकांना नको होती. आधी आढळलं नाही म्हणायचं आणि मग खोटं नाही म्हणायचं, हे दुटप्पी दिसेल असं त्यांना वाटलं. मी अडून बसले. ती वाक्यं नसती तर कागद वाचून घरात पहिला प्रश्न मुलालाच आला असता: 'मग तू खोटा कित्याक बोललस?'

वडील शनिवारी आले. बरोबर मोठा भाऊ. रागाचा भर ओसरला होता, पण खुर्चीत टेकून बसले नाहीत. कागद भावाने वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "शब्द मास्तराचो नाय, ठीक आसा. पण हात वर करूक कित्याक सांगितल्यान?" सर म्हणाले, "ते माझं चुकलं. मी विचारायला नको होतं. त्याच्याशीही मी बोलेन." त्यांनी 'पण' लावला नाही. मला तीच भीती होती. वडील पुढे म्हणाले, "बोट माझी नाय. मी मजुरी करतंय. दिवे मी लावतंय काय?" याचं उत्तर आमच्यापैकी कोणाकडेच नव्हतं, आणि ते शाळेने द्यायचंही नव्हतं.

आरोप ग्रुपवर झाला होता, तर त्याचा शेवट ग्रुपवर व्हायला हवा असं सरांचं म्हणणं होतं, आणि ते रास्त होतं. पण मुलाच्या घरचं काही तिथे जाऊ नये हेही खरं. वडिलांना वाचून दाखवूनच मी लिहिलं: 'मंगळवारच्या तक्रारीची चौकशी पूर्ण झाली. ग्रुपवर आलेलं वाक्य सरांनी म्हटलेलं नव्हतं. वर्गात काही चुका झाल्या, त्या संबंधितांशी बोलून दुरुस्त केल्या आहेत.' वडिलांनी तिथल्या तिथे स्वतःचा आवाजी निरोप काढून टाकायचा प्रयत्न केला. मुदत गेली होती, तो सगळ्यांच्या फोनवरून निघाला नाही. मग त्यांनी खाली 'बरोबर' एवढंच लिहिलं.

सोमवारी मला फोन आला तो रापणीवाल्या घरातून, बांगड्याचा प्रश्न विचारणाऱ्या मुलाच्या आजोबांचा. "बाई, म्हणजे आता शाळेत एलईडीक चोरटी म्हणायचा नाय? बंदी आसा ती आसाच ना?" बंदी आहेच, मी म्हटलं, आणि ती शिकवलीही जाईल. फळ्यावर आता 'बंदी असलेली मासेमारी' असं लिहू, वर्ष आणि कारण घालून. कोणाच्या घरातून कोण जातं, हे मात्र विचारणार नाही. आजोबा म्हणाले, "आमका ठावकच आसा, कोण जाता ता," आणि फोन ठेवला.